शिक्षकाच्या पगाराची सपाट रेषा

नमस्कार. भौतिकशास्त्राची पदवी उत्तम गुणांनी मिळवलेली एक तरुणी शाळा आणि कंपनी यांपैकी एकाची निवड करते आहे, असे समजा. शाळेतला पहिला पगार १०० धरला, तर कंपनीतला ११५ आहे. शिकवण्याची आवड असेल, तर एवढ्या फरकावर ती पाणी सोडेल. पण हुशार माणूस पंधराव्या वर्षाचाही हिशेब करतो. तोपर्यंत शाळेत १६० झालेले असतील आणि कंपनीत, काम चांगले असेल तर, ३००. आकडे माझे, केवळ समजावण्यापुरते. पण रेषांचा हा आकार खरा आहे. शिवाय ते १६० तिला आणि शेजारच्या वर्गावर रेटून दिवस काढणाऱ्या सहकाऱ्याला सारखेच मिळतात, कारण वेतनश्रेणी बहुधा पदवी आणि सेवेची वर्षे एवढेच पाहते.

अमेरिकेत बुद्धिमान स्त्रिया शिक्षकी पेशापासून दूर का गेल्या, याचे नेहमीचे उत्तर म्हणजे त्यांना वैद्यक, कायदा आणि व्यवस्थापन ही क्षेत्रे खुली झाली. कॅरोलिन हॉक्सबी आणि अँड्र्यू ली या अर्थशास्त्रज्ञांनी १९६३ ते २००० या काळाचा अभ्यास २००४ मध्ये मांडला, तेव्हा मोठा वाटा दुसऱ्याच कारणाचा निघाला: शिक्षकांच्या पगारातला आपापसातला फरक आक्रसत गेला होता आणि अधिक गुणवत्तेला मिळणारा जादा मोबदला जवळपास संपला होता. अर्थात, त्यांनी गुणवत्ता मोजली ती परीक्षांच्या गुणांवरून. उत्तम गुण मिळवणारा उत्तम शिकवतोच असे नाही.

मग फिनलंडचे काय, जेथे हुशार पदवीधरांनाही शिक्षकी पेशा प्रतिष्ठेचा वाटतो? तेथील शिक्षकांचा पगार डोळे दिपवणारा नाही. मात्र १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते आणि या अभ्यासक्रमाला अनेक वर्षे साधारणपणे दहा अर्जदारांतून एकालाच प्रवेश मिळत असे. माझ्या मते प्रतिष्ठेचे मूळ या चाळणीत आहे. ज्या दारातून कोणीही आत येऊ शकतो, त्यातून आत गेल्याने आपल्या गुणवत्तेविषयी जगाला काहीच कळत नाही, हे पदवीधर ओळखून असतो.

उरते भरती, आणि तिच्याविषयी फारच कमी बोलले जाते. कंपनी अंतिम परीक्षेआधीच नियुक्तीपत्र देते. शाळेत मात्र निवृत्त होणाऱ्यांची सूचना उशिरा येते, अंतर्गत बदल्या आधी उरकल्या जातात, निधीची मंजुरी रखडते आणि नवीन उमेदवाराला वर्ग सुरू होण्याच्या तोंडावर बोलावणे जाते. ‘द न्यू टीचर प्रोजेक्ट’ या संस्थेने २००३ मध्ये अमेरिकेतील काही मोठ्या शहरांची भरती तपासली, तेव्हा अर्जांची कमतरता नव्हती. वाट पाहून अनेकांनी अर्ज मागे घेतले होते आणि मागे घेणाऱ्यांची शैक्षणिक पात्रता शेवटी नेमल्या गेलेल्यांपेक्षा सरस होती. म्हणजे ती तरुणी पगाराची रेषा पाहूनही शाळेकडे वळली असती, तरी तिला बोलावणे पोहोचेपर्यंत ती कंपनीत रुजू झालेली असती.