काहील उतू गेली तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. मी सीटी स्कॅन आणि सोनोग्राफीच्या खोलीत दिवस काढणारा डॉक्टर. आज बोलायचंय स्वादुपिंडाच्या सुजेबद्दल, म्हणजे अ‍ॅक्यूट पँक्रियाटायटिसबद्दल. पण खरं सांगू का, मला सांगायचीय ती एका गुळव्याची गोष्ट. तिच्यातच बाकीचं येईल.

करवीर तालुक्यातला माणूस, वय पंचेचाळीसच्या आसपास, पक्का माळकरी. शिमग्याच्या दिवशी घरी पोळ्या झाल्या, वर तूप, कटाची आमटी. रात्री अकराला पोटात कळ उठली. बेंबीच्या वर, छातीच्या खाली, आणि तिथून सरळ पाठीत. उताणं झोपलं की वाढायची, पुढं वाकून बसलं की जरा सुसह्य. श्रोतेहो, एवढं कानात ठेवा: वरच्या पोटात दुखणं, पाठीत जाणं, वाकून बसावंसं वाटणं, आणि सारख्या उलट्या. हे पित्त नव्हे. घरच्यांनी मात्र पित्तच ठरवलं. सोडा झाला, ओवा झाला, दुसऱ्या दिवशी गावात इंजेक्शन झालं.

चौथ्या दिवशी कोल्हापुरात आणला, तेव्हा पोट फुगलेलं आणि हात लावला तरी दुखत होतं. जवळ रक्ताचा एक रिपोर्ट होता, त्याच सकाळचा. अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एक पाचकद्रव्य, थोडंसंच वाढलेलं. घरच्यांना वाटलं, स्वादुपिंडाचं काही नाही. इथंच चूक होते. अमायलेज दुखायला लागल्यावर काही तासांत वर चढतं आणि तीन ते पाच दिवसांत बऱ्याचदा खाली येतं. नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त असेल तर निदानाला जोर येतो, पण चौथ्या दिवशी कमी दिसलं म्हणून सुटका होत नाही. लायपेज हे स्वादुपिंडाचं दुसरं पाचकद्रव्य, ते जास्त दिवस वर राहतं, ते तपासायला पाठवलं होतं. पण सर्जनना वेगळीच शंका होती, जठराला भोक तर पडलं नाही ना? म्हणून लायपेजची वाट न बघता त्यांनी सीटी सांगितलं.

मशीनवर घेताना अडलं कशावर, सांगू? करदोड्यावर. चांदीचा, जाड, लग्नापासून कमरेला. धातू असला की चित्रात रेघा उमटतात, नेमक्या पोटावरच. तो काही काढेना. बायको म्हणाली, “काढा की वो, परत घालतो आपुन.” मग सुटला. गळ्यातल्या माळेला मात्र आम्ही हात लावला नाही. माळ गळ्यात, फोटो पोटाचा, तिचा काही संबंध नाही.

किडनीचा रिपोर्ट बघून शिरेतून औषध दिलं. ते देताना अंग गरम होतं, घाबरायचं कारण नाही. मग श्वास धरायला सांगून मशीन फिरलं.

आता पडद्यावर काय दिसलं ते सांगतो. स्वादुपिंड जठराच्या मागं आडवं असतं, वीतभर लांब. निरोगी माणसात त्याच्याभोवती चरबी असते आणि सीटीत ती काळीभोर, स्वच्छ दिसते, त्यामुळं ग्रंथीची कड ठळक उठते. इथं ग्रंथी फुगून जाड झालेली आणि कडच हरवलेली. भोवतालची चरबी गढूळ, आणि डाव्या किडनीच्या पुढच्या फटीत राखाडी पाणी पसरलेलं. पोटात मोकळी हवा कुठंच नव्हती, म्हणजे जठराला भोक पडल्याचं दिसत नव्हतं. निदान झालं. लायपेज संध्याकाळी आलं, तेही चिक्कार वाढलेलं.

मला सगळ्यात महत्त्वाचं बघायचं होतं ते दुसरंच. शिरेतून दिलेलं औषध रक्ताबरोबर ग्रंथीत पोचतं आणि जिवंत भाग उजळतो. मेलेला भाग उजळत नाही, काळा राहतो. याची ग्रंथी शेपटापासून डोक्यापर्यंत उजळली होती. सूज होती, पाणी होतं, पण मेलेलं काही नव्हतं. हे चौथ्या दिवशी खात्रीनं सांगता आलं. पहिल्याच रात्री सीटी काढलं असतं तर ते सांगता आलंच असतं असं नाही, कारण मेलेला भाग स्पष्ट व्हायला तीनेक दिवस लागतात. दुखणं नेहमीसारखं आणि लायपेज तिप्पट असलं, तर पहिल्या दिवशी सीटीची गरजही नसते. तरी नातेवाईक दारातच म्हणतात, “आत्ताच्या आत्ता सीटी काढा.” आणि काढलेली फिल्म पुढच्या वेळी आणतात ती चार घड्या घालून, पिशवीत भाजीखाली!

तर, दुसऱ्या दिवशी हा गुळव्या व्हीलचेअरवरून आला आणि म्हणाला, “डाक्टर, मला दावा.” मी पडदा फिरवला. त्यानं बघितलं आणि म्हणाला, “म्हंजे काहील उतू गेली. रस कडंच्या चरात गेला.” श्रोतेहो, इतकी वर्षं मी शिकवतोय, मला हे सुचलं नव्हतं. स्वादुपिंडाचा पाचक रस आतड्यात जाऊन कामाला लागायचा, तो ग्रंथीतच पेटतो, सूज येते, पाणी बाहेर झिरपतं आणि वाट मिळेल त्या फटीत जातं.

मग भावानं विचारलं, “तेवढं पानी सुई घालून काढून टाका की.” सगळे हेच विचारतात. नाही काढत. सुरुवातीच्या आठवड्यांतलं असं पाणी बहुतेक वेळा आपोआप जिरतं. त्यात सुई घातली तर उलट बाहेरचा जंतू आत न्यायचा धोका. ताप हटेना, पू झाल्याची शंका आली, तर गोष्ट वेगळी. याला सलाईन दिलं, दुखणं थांबवलं, आणि उलट्या थांबल्यावर लगेच पातळ खायला सुरू केलं. आठवडाभर उपाशी ठेवायची जुनी पद्धत आता नाही.

पण झालं कशामुळं? वॉर्डात येणारा प्रत्येक पाहुणा हळूच विचारत होता, “घेत होता काय?” दारू हे मोठं कारण आहेच, पण माळकऱ्याला असं विचारणं म्हणजे दुखण्यावर मीठ. (आणि आमच्याकडं रश्श्यावर खापर फोडायचीही एक सवय आहे. या माणसानं जन्मात मटण खाल्लं नव्हतं!) सीटीत पित्ताशय साफ दिसत होतं. पण सीटीत बरेच खडे दिसतच नाहीत, म्हणून मी सोनोग्राफी केली. तिथं सापडले, मोहरीएवढे बारके. असा बारका खडा पित्ताशयातून घसरतो आणि पित्ताची व स्वादुपिंडाची नळी जिथं एकत्र येते त्या तोंडाशी अडकतो. एका क्षणात मोरी तुंबते.

सूज सौम्य असती, पाणी नसतं, तर त्याच मुक्कामात पित्ताशय काढलं असतं. पाणी असल्यामुळं सर्जन थांबले. सहा आठवड्यांनी मी परत सोनोग्राफी केली. पाण्याचा थेंब नव्हता. मग दुर्बिणीतून पित्ताशय काढलं.

पुढच्या हंगामात तो गुळाचा एक छोटा रवा घेऊन आला होता. खडे त्यानं सर्जनकडून मागून घेतले होते. काचेच्या बाटलीत घालून गुऱ्हाळाच्या फळीवर ठेवलेत, देवाच्या फोटोशेजारी. कुणी “घेत होतास काय?” म्हटलं, की बाटली खाली काढतो आणि हलवून दाखवतो.