60 दिवसांची उधारी 30 वर आणताय? पत्रात तारीख नीट लिहा

नमस्कार मंडळी, अंबडमधल्या आपल्या शॉपवरूनच बोलतोय, मागे मशीनचा आवाज येईल तेवढा चालवून घ्या.

पार्ट्यांना पत्र पाठवायचं की उधारी आता 60 नाही, 30 दिवस. मी पहिल्यांदा पाठवलं तेव्हा एवढंच लिहिलं होतं, "1 जुलैपासून पेमेंट 30 दिवसांत", आणि दुसऱ्याच दिवशी एका जुन्या पार्टीच्या अकाउंटंट ताईंचा फोन, "दादा, 1 जुलैपासून म्हणजे जूनची बिलंपण का?" बरोबर होतं त्यांचं. त्यांना वाटलं जुनी बिलंही आम्ही लवकर मागतोय, आणि साहेब तिकडे चिडलेले.

म्हणून तारीख बिलाला बांधा. असं लिहा: "1 जुलै किंवा त्यानंतरच्या तारखेच्या बिलांना 30 दिवस. 30 जूनपर्यंतच्या बिलांना आधीसारखेच 60 दिवस." आणि ज्या पीओवर 60 दिवस छापलेत तो माल 1 जुलैनंतर गेला तरी तिथे 60 च चालतात, तो पीओ अमेंड करून घ्या नाहीतर तेवढा सोडून द्या, भांडू नका.

आता खरी अडचण बघा, ही पत्र लिहिताना कुणाच्या डोक्यातच येत नाही. पार्टी महिन्याला 2 लाखांचा माल घेते. 30 जूनचं बिल 29 ऑगस्टला ड्यू, आणि 1 जुलैचं 31 जुलैला, म्हणजे नवं बिल जुन्याच्या आधी! जूनची जवळपास सगळी बिलं ऑगस्टमध्ये आणि जुलैचीही ऑगस्टमध्येच, त्यामुळे 2 ऐवजी 4 लाख एका महिन्यात द्यायचे. तिथेच पेमेंट अडकतं आणि आपण म्हणतो पार्टी बिघडली.

ज्याला झेपत नाही त्याला फक्त जुलैच्या बिलांना 45 दिवस द्या, ऑगस्टपासून 30. मग ऑगस्टमध्ये साधारण 3 लाख, सप्टेंबरमध्ये 3, आणि ऑक्टोबरपासून परत 2. हा दुप्पट महिना दिवाळीच्या बोनसवर येऊ देऊ नका, मी जुलै त्यासाठीच धरला.

पत्र मेच्या सुरुवातीला द्या, मालकाला फोन करून, आणि अकाउंट्सला मेल वेगळा, कारण त्यांच्या सिस्टीममध्ये आपल्या नावासमोर 60 टाकलेले असतात, ते कुणी बदललं नाही तर पत्र फाइलला लागतं आणि पेमेंट 60 लाच येतं. आपल्या टॅलीतही पार्टीच्या लेजरला क्रेडिट पिरियड 1 जुलैला बदला, आधी नको.

आणि हो, उद्यम रजिस्ट्रेशन असलेल्या सूक्ष्म किंवा लघु कारखान्याचं पेमेंट करायला 2006 च्या एमएसएमई कायद्याने 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत मुळात चालतच नाही, करार केला तरी. पण ते पत्रात धमकीसारखं लिहू नका, वर्षानुवर्षांची पार्टी आहे. मी खाली उद्यम नंबर लिहितो, बास, त्यांच्या सीएला समजतं.