पोटरीतली गुठळी फुप्फुसात कशी पोहोचते

पन्नाशीतले एक गृहस्थ. घोट्याचे हाड मोडले म्हणून पायाला प्लास्टर. दुसऱ्या आठवड्यात पोटरी ठणकू लागली, तेव्हा घरच्यांना वाटले, प्लास्टर आवळत असेल. प्लास्टर निघाल्यावरही ती पोटरी दुसरीपेक्षा जाड दिसत होती. एके सकाळी ते उठून चार पावले चालले, एकदम धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते कोसळले.

आता शिरेत काय घडले ते पाहू. पायातले रक्त वर चढते ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या दाबामुळे, आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. पोटरी हलेनाशी झाली की झडपेमागच्या खोबणीत रक्त साचून राहते. तिथला प्राणवायू कमी होतो, शिरेचे अस्तर बिघडते. त्यात हाड मोडल्यावर रक्ताची गोठण्याची प्रवृत्तीही वाढलेली असते. तिथेच गुठळी धरते आणि वरच्या दिशेने वाढत जाते. बुड शिरेला चिकटलेले, टोक मात्र प्रवाहात मोकळे. गुडघ्याखालच्या कित्येक गुठळ्या आपोआप विरतात. मांडीच्या रुंद शिरेत शिरलेली गुठळी तुटून निघण्याचा धोका मात्र बराच जास्त असतो.

तुटलेला तुकडा मध्ये कुठे अडकत का नाही? कारण मांडीतून पोटातल्या महाशिरेत, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला, असा हा रस्ता रुंदच होत जातो. त्यापुढे फुप्फुसाची धमनी येते आणि तिला फाटे फुटू लागतात. अरुंद होणारी ही पहिलीच जागा, म्हणून तुकडा तिथे बसतो.

हृदयाच्या उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते, तिला एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायची सवय नसते. कप्पा फुगतो, मधला पडदा डावीकडे सरकतो, डाव्या बाजूला पुरेसे रक्त पोहोचत नाही आणि रक्तदाब कोसळतो. ती अंधारी यामुळे आली.

अशा वेळी छातीचा एक्स-रे पुष्कळदा जवळजवळ स्वच्छ येतो, आणि त्यावर विसंबणे धोक्याचे. या गृहस्थांची नाडी जलद होती, प्राणवायू कमी होता. शिरेतून औषध सोडून केलेल्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या धमनीतली गुठळी दिसली. पायाच्या सोनोग्राफीत मांडीची शीर दाबून पाहिली. निरोगी शीर दाबली की चपटी होते, ही झाली नाही.

हेपारिन सुरू केले. ते गुठळी विरघळवत नाही, तिची वाढ थांबवते. विरघळवण्याचे काम शरीर स्वतः करते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी औषधे निदान ३ महिने चालतात. रक्तदाब खालीच राहिला तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतात, पण त्यात मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, त्यामुळे ते सरसकट देता येत नाही.

प्लास्टर काढल्या दिवशी दोन्ही पोटऱ्या टेपने मोजायला हव्या होत्या. गुडघ्याखाली नडगीचा उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली. फरक ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर त्याच दिवशी सोनोग्राफी करावी. फरक नसला तरी गुठळी नाहीच असे म्हणता येत नाही. आणि तपासणी होईपर्यंत त्या पायाला मालिश करू नये.