चादरीचं टेंडर आणि तीन पाकिटं

[दृश्य: सकाळ, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक यंत्रमाग कारखाना. लूमचा खडखडाट. टेबलावर पेपर, त्यात एक छोटी जाहिरात.]

पेपरच्या आतल्या पानावर असते बघा ती, बारीक अक्षरातली चौकोनी जाहिरात, वर लिहिलेलं असतं "जाहीर निविदा सूचना" आणि खाली सगळा कायदा चार इंचात कोंबलेला. सोलापुरात चादर, टॉवेल बनवणारे एवढे आहेत की वसतिगृहाला चादरी पाहिजेत म्हटलं की निम्मा गाव उभा राहील, पण शेवटी टिकतात चार-पाच, आणि बाकीचे रेटमुळे नाही तर पाकिटामुळेच बाद होतात.

आता मोठ्या सरकारी खरेदीचं सगळं ऑनलाइन झालंय, mahatenders.gov.in वर. पण ट्रस्ट, सोसायट्या, खाजगी शाळा-कॉलेज, यांच्याकडं अजून सीलबंद पाकीटच चालतं. आपण एक नमुन्याची नोटीस घेऊ. संस्था मनातली आहे, अटी मात्र रोज छापून येतात तसल्याच.

एका वसतिगृहाला 1000 चादरी आणि 2000 टॉवेल पाहिजेत. अंदाजित रक्कम 8 लाख. नोटीस निघाली 29 डिसेंबर 2025 ला. फॉर्म फी 1000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1180, आणि ती परत मिळत नाही. बयाणा रक्कम, जिला सगळे ईएमडी म्हणतात, ती 2 टक्के म्हणजे 16 हजार, डीडीनं. पाकीट द्यायची शेवटची वेळ 19 जानेवारी 2026, दुपारी 3 पर्यंत. उघडणार त्याच दिवशी 4 वाजता.

[दृश्य: कॅलेंडरचं जानेवारीचं पान, त्यावर बोट फिरतंय.]

आता हे कॅलेंडर बघा. 21 दिवस म्हणजे भरपूर वाटतात, पण मधे संक्रांत आहे आणि सोलापुरात संक्रांत म्हणजे सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज निघाले की त्या दिवसांत कामगार जागेवर नसतात, सीए फोन उचलत नाही आणि तुमचं स्वतःचं तरी लक्ष कुठं असतंय. आणि नोटीशीतली एक ओळ बहुतेक लोक वाचतच नाहीत: फॉर्म विक्री 16 जानेवारीला संध्याकाळी 5 ला बंद. पाकीट 19 ला द्यायचंय म्हणून 19 ला सकाळी फॉर्म घ्यायला गेलात तर काउंटरवरचा माणूस नुसता मान हलवेल. म्हणून नोटीस हातात आली की आधी तारखा शोधायच्या, चादरीची साइज नंतर.

मग पात्रता. इथं आपल्या कारखानदारांची खरी गोची होते. अट अशी असते की मागच्या 7 वर्षांत अशाच मालाचा पुरवठा केलेला पाहिजे, अंदाजित रकमेच्या 40 टक्क्यांच्या 3 ऑर्डर, किंवा 50 टक्क्यांच्या 2, किंवा 80 टक्क्यांची एकच. म्हणजे आपल्या हिशोबात 3 लाख 20 हजारांच्या तीन, नाहीतर 4 लाखांच्या दोन, नाहीतर 6 लाख 40 हजारांची एक. ही 7 वर्षं नोटीस निघाली त्याच्या आधीच्या महिन्याअखेर मोजतात, म्हणजे इथं 30 नोव्हेंबर 2025 पर्यंत.

आता कारखानदार म्हणतो, अहो मी वर्षाला 60 लाखाचा माल विकतो की! विकतो, पण कुणाला? व्यापाऱ्याला, फोनवर भाव ठरवून. संस्थेला ऑर्डरची कॉपी आणि काम पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट पाहिजे, नुसती बिलं नाही चालत. टर्नओव्हर सीएच्या सर्टिफिकेटवर दिसेल, त्यावर यूडीआयएन नंबर लागतो, पण अनुभव त्यात दिसत नाही. त्यामुळं कुठल्याही हॉस्पिटलला, लॉजला 4 लाखाचा माल दिला की त्यांच्याकडून दोन ओळींचं पत्र त्याच दिवशी मागून घ्यायचं, दोन वर्षांनी गेलात की तिथला मॅनेजर बदललेला असतो.

उद्यम सर्टिफिकेट असेल तर ईएमडी माफ, असं सगळीकडं ऐकू येतं. त्या नोटीशीत तसं लिहिलं असेल तरच हां. आणि जिथं सूट असते तिथंही ती सहसा माल स्वतः बनवणाऱ्याला, नुसता ट्रेडिंगवाला धरत नाहीत.

[दृश्य: क्लोजअप. तीन पाकिटं, लाख, मेणबत्ती, जाड मार्कर.]

हे नीट बघा. पाकीट नंबर 1 तांत्रिक: फॉर्म फीची पावती, डीडी, जीएसटी, पॅन, अनुभवाची कागदं, अटींच्या प्रत्येक पानावर सही-शिक्का. पाकीट नंबर 2 मध्ये फक्त दरपत्रक. दोन्ही वेगवेगळी सील करायची आणि मग तिसऱ्या मोठ्या पाकिटात घालायची. घाईत दराचा एक कागद पहिल्या पाकिटात गेला की संपलं, तिथंच बाद, कारण कागदपत्रं तपासायच्या आधी रेट कळायला नको म्हणून तर हा सगळा खटाटोप असतो.

मोठ्या पाकिटावर कामाचं नाव, नोटीस क्रमांक, उघडायची तारीख आणि वेळ मार्करनं ठळक लिहायची. नाही लिहिली तर काय होतं? आवक-जावकच्या टेबलावर रोजच्या टपालात ते पाकीट जातं, क्लार्क बिचारा सवयीनं कात्रीनं उघडतो आणि सीलबंद निविदा सीलबंद राहत नाही. चूक त्याची नाही. आणि पोस्टाच्या भरवशावर राहू नका, पाकीट दुपारी 3 वाजायच्या आत पोचलं पाहिजे, पोस्टात टाकल्याची तारीख कुणी विचारत नाही. हातानं द्या, आवक नंबर आणि वेळ टाकलेली पोच घ्या.

आता दरपत्रक. चादरीचा दर आकड्यात लिहिला 485, आणि अक्षरात लिहिताना गडबडीत झालं "चारशे अठ्ठावन्न". नियम साधारण सगळीकडं हाच की आकडा आणि अक्षर जुळत नसेल तर अक्षरातला धरायचा. शेजारचा 472 नं आलेला, म्हणजे 485 वर काम गेलंच होतं, पण 458 मुळं हा सगळ्यात खाली, एल-वन! हजार चादरीवर 27 हजारांचा फटका. नाही म्हटलं तर 16 हजार ईएमडी जप्त आणि वर काळ्या यादीत जायची भीती. दोन्हीकडून मार. म्हणून दर एकानं लिहायचा आणि दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचा, अक्षरातलाच. तसंच दर जीएसटीसकट की वेगळा, माल वसतिगृहात पोच की कारखान्यातून, हे फॉर्ममध्ये बघून घ्या, नाहीतर गाडीभाडं खिशातून.

[दृश्य: ऑफिसमधली खोली, घड्याळात 4. कमिटी बसलीय.]

उघडताना हजर राहायचा हक्क असतो, रहा. आधी सगळ्यांची पहिली पाकिटं उघडतात, जे अपात्र ठरतात त्यांचं दराचं पाकीट न उघडताच परत. मग उरलेल्यांचे दर मोठ्यानं वाचतात आणि त्या कागदावर हजर असलेल्यांच्या सह्या घेतात. आपला दर बरोबर वाचला का ते तिथंच ऐकायचं.

काम नाही मिळालं तर ईएमडी परत मिळते, पण ऑर्डर दुसऱ्याला गेली की बरेचदा आपणच पावतीची झेरॉक्स जोडून अर्ज टाकावा लागतो, बँक खात्याच्या कॅन्सल चेकसकट. ज्याला मिळालं त्याची ईएमडी बहुतेक वेळा सुरक्षा ठेवीत वळती करून घेतात आणि माल तपासून झाला, मुदत संपली, की मगच सुटते.