जुनं कार्ड बंद करण्याआधी एक भागाकार
(सोलापुरातील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सिबिल म्हटलं की आपल्याकडे माणूस पत्रिका बघायला बसल्यासारखा गंभीर होतो. स्कोअर किती, कुठला ग्रह वाकडा, शांत कशाने होईल! मी बँकेत कर्जाच्या टेबलावर नोकरी संपवली, त्यामुळे निवृत्तीनंतरही लोक मला शांतीचे उपाय विचारतात. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "साहेब, जुनं क्रेडिट कार्ड वापरत नाही, बंद करून टाकू का?" संयोजकांनी आज तोच विषय दिला आहे आणि मला अर्धा तास दिला आहे. मागच्या रांगेतल्यांनी पंख्याखाली यावं, सोलापूरचा मे महिना व्याख्यात्याची कीव करत नाही.

अशोक चौकाकडचे एक टॉवेल कारखानदार माझ्याकडे आले होते. नाव सांगत नाही, आपण त्यांना मालक म्हणू. तसं सोलापुरात कोणालाही मालकच म्हणतात, त्यामुळे ते ओळखू येण्याची भीती नाही. (हशा) मालकांकडे दोन कार्डं होती. एक 2009 सालचं, लिमिट दोन लाख. कार्ड देताना सांगितलं होतं की हे आजीवन मोफत. दुसरं 2022 चं, लिमिट पंचाहत्तर हजार, आणि त्यावर पेट्रोलपंपावर काही परत मिळतं म्हणून सगळा खर्च त्याच्यावर. जुनं कार्ड कपाटात, लग्नातल्या शालीच्या घडीत.

एका वर्षी एप्रिलच्या स्टेटमेंटवर आले 590 रुपये. वार्षिक शुल्क पाचशे, वर अठरा टक्के जीएसटी नव्वद. आता मालकांची तक्रार काय? पैसे नव्हे. 'आजीवन' म्हटलं होतं ना? मग आम्ही अजून जिवंत आहोत की! त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, कार्डसाठी तमुक दाबा, हरवलं असेल तर हे, रिवॉर्ड पॉइंटसाठी ते. 'कार्ड बंद करायचं आहे' हे बटण सगळ्यात शेवटी, अन् ते दाबलं की फोन पुन्हा पहिल्या पायरीवर. बँका आपल्याला कर्ज देताना घरी माणूस पाठवतात आणि निरोप घेताना मात्र दारच सापडू देत नाहीत, हा माझा जुना राग आहे. मी बँकेत असतानाही होता, फक्त तेव्हा बोलता येत नव्हतं.

शेवटी एक बाई फोनवर आल्या, अतिशय गोड. "सर, तुम्ही आमचे मौल्यवान ग्राहक आहात. वर्षात पन्नास हजार खर्च केले तर शुल्क माफ." मालक म्हणाले, नको. "सर, यंदाचं शुल्क आम्ही परत करतो." मालक म्हणाले, "प्रश्न 590 चा नाही, तत्त्वाचा आहे." बघा, 590 परत मिळत होते! पण सोलापूरकर तत्त्वावर आला की देवही त्याला माघारी आणू शकत नाही. बाईंनी लिमिट वाढवून देऊ म्हटलं, मालकांनी फोन ठेवला. मग मेल, मग पुन्हा फोन, मग आठवड्याने कोणीतरी विचारलं, "सर, खरंच बंद करायचं आहे का?"

इथे एक नियम सांगून टाकतो, कारण तो लोकांना माहीत नसतो. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमानुसार सगळी थकबाकी भरलेली असेल, तर कार्ड बंद करण्याची विनंती बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची. नाही केली, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. विनंती पोस्टानेच पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही. मालकांनी मेलमध्ये हा नियम लिहिला, आणि ज्या बँकेला इतके दिवस बटण सापडत नव्हतं तिला ते दोन दिवसांत सापडलं. मालकांनी टॉवेलच्या दशा कापायच्या कात्रीने कार्डाचे चार तुकडे केले आणि मोठ्या समाधानाने नव्या घराच्या मागे लागले.

जाता जाता सांगतो, काही जण नुसतं कार्ड कापतात आणि बंद झालं समजतात. प्लास्टिक कापल्याने खातं बंद होत नाही. शुल्क लागत राहतं, ते थकतं, आणि सिबिलसारख्या कंपन्या आपल्या उधारीचा जो अहवाल ठेवतात त्यात थकबाकीची नोंद जाते. ते नुकसान आजच्या विषयापेक्षा कितीतरी मोठं आहे. असो.

तर घर. होटगी रस्त्याला फ्लॅट बघितला, तीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं. हप्ता एकही चुकलेला नाही, जीएसटीची विवरणपत्रं वेळेवर, आणि बँक म्हणते तुमचा स्कोअर आमच्या खालच्या गटात येतोय, व्याज पाव टक्का जास्त. साडेआठऐवजी पावणेनऊ. हप्ता 26,035 च्या जागी 26,511. म्हणजे महिन्याला सुमारे पावणेपाचशे रुपये जास्त. वर्षाचे 590 वाचवणाऱ्या माणसाला महिन्याला 476! मालक अहवालाचे कागद घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "जुनं कार्ड गेलं, इतिहास पुसला, म्हणून स्कोअर पडला. बरोबर ना?" नाही. इथेच लोक चुकतात, आणि माझा आजचा सगळा मुद्दा हाच आहे.

(संयोजकांनी चिठ्ठी दिली आहे, दहा मिनिटं राहिली. चहा येईपर्यंत थांबता येणार नाही असं लिहिलंय. ठीक.)

अहवालात दोन आकडे शेजारी शेजारी असतात, लिमिट आणि शिल्लक देणं. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की वापराचं प्रमाण मिळतं. मालकांचा महिन्याचा खर्च पंचेचाळीस हजार. दोन कार्डं होती तेव्हा एकूण लिमिट 2,75,000, म्हणजे वापर सोळा टक्क्यांच्या आसपास. जुनं कार्ड गेलं, लिमिट राहिलं 75,000, तोच पंचेचाळीस हजारांचा खर्च आता साठ टक्के झाला. मालकांनी एक रुपया जास्त खर्च केला नाही. खालचा आकडा लहान झाला, एवढंच. पण कागदावर हा माणूस मिळालेल्या उधारीच्या निम्म्याहून जास्त वापरणारा दिसायला लागला. तीस टक्क्यांच्या खाली ठेवा असं सगळे सांगतात. तो अंदाज आहे, कायदा नाही. एकतीस झाले म्हणून आभाळ कोसळत नाही. साठ मात्र दिसतातच.

"पण मी तर दर महिन्याला पूर्ण बिल भरतो!" हे मालकांचं पुढचं वाक्य. भरता, पण कधी? स्टेटमेंट निघाल्यावर, शेवटच्या तारखेच्या आसपास. सिबिलसारख्या कंपन्यांकडे बँक जो आकडा पाठवते तो ठरावीक दिवशीचा असतो. पूर्वी महिन्यातून एकदा जायचा, 2025 च्या जानेवारीपासून निदान पंधरवड्याला. त्या दिवशी बिल भरलेलं नसेल तर पंचेचाळीस हजार देणं दिसणार, मग तुम्ही पुढच्या आठवड्यात सगळं भरा नाहीतर पुढच्या तासात. म्हणून मालकांना सांगितलं, स्टेटमेंट निघायच्या चार-पाच दिवस आधीच तीस-पस्तीस हजार भरून टाका. देणं दहा-पंधरा हजारांवर आलं, प्रमाण वीस टक्क्यांच्या आत. वापराचं प्रमाण बहुतांशी ताजा आकडा बघून ठरतं, जुना आकडा फार काळ चिकटून राहत नाही. दोन महिने थांबून अर्ज केला, व्याज साडेआठ लागलं. बिल्डर थोडा कुरकुरला.

आता खात्याचं वय. यासाठी मी खरं तर निम्मा वेळ राखला होता. (घड्याळाकडे बघून) चला, पटकन.

बंद केलेलं खातं अहवालातून त्या दिवशी उडत नाही. उघडल्याची तारीख 2009, बंद झाल्याची तारीख, वेळेवर भरलेले हप्ते, सगळं तिथे राहतं. कायद्यानुसार अशी माहिती निदान सात वर्षं जपावी लागते. त्यामुळे 'सोळा वर्षांचा इतिहास एका रात्रीत तीन वर्षांचा झाला' हे खरं नाही. नेमकं सूत्र कोणी प्रसिद्ध करत नाही आणि सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांची पद्धत आपापली. पण तोटा येतो तो उशिरा येतो: ते खातं पुढे वाढत नाही, आणि कधीतरी अहवालातून गळालं की हाताशी 2022 चंच कार्ड उरतं. ज्याचं जुनं कार्ड हे एकमेव जुनं खातं आहे, त्याला ते जाणवेल. ज्याचं वीस वर्षांचं गृहकर्ज चालू आहे, त्याला फारसं नाही.

म्हणून प्रश्न 'जुनं की नवं' असा विचारू नका. बंद करायचं कार्ड एकूण लिमिटचा किती भाग आहे ते बघा. मालकांचं जुनं कार्ड जवळजवळ तीन चतुर्थांश होतं, ते काढल्यावर हाल होणारच. तुमचं लिमिट पाच लाखांचं आणि जुनं कार्ड वीस हजारांचं, तर खुशाल बंद करा. मधल्या परिस्थितीत आधी दुसऱ्या कार्डाचं लिमिट वाढवून घ्या, मग बंद करा. मालकांना पंचाहत्तरचं दीड लाख मिळालं असतं तर साठचे तीस टक्के झाले असते. आणि कर्जाचा अर्ज समोर असेल तर अर्ज मंजूर होईपर्यंत कपाटातल्या शालीला हात लावू नका. शुल्क नको असेल तर त्याच बँकेचं बिनशुल्काचं कार्ड मागा. उघडल्याची तारीख तीच राहील का, हे लेखी विचारा. ठेवायचं ठरलं तर महावितरणचं एखादं बिल त्यावर भरत राहा, कारण वर्षाहून जास्त न वापरलेलं कार्ड बँक तुम्हाला कळवून, तीस दिवसांत उत्तर न आल्यास, स्वतःच बंद करते.

बंद करणाऱ्यांसाठी शेवटचं. न आलेलं बिल, चालू हप्ते, ओटीटीची आपोआप कटणारी वर्गणी, सगळं आधी मिटवा. बंद झाल्याचं पत्र मागा. तीस दिवसांत बँकेने ती नोंद पुढे कळवायची असते, म्हणून महिना-दीड महिन्याने अहवाल काढा, चारही कंपन्यांकडून वर्षाला एकेक फुकट मिळतो. तिथे 'बंद' आणि शिल्लक शून्य दिसलं पाहिजे. 'सेटल्ड' दिसलं तर लगेच तक्रार करा, कारण त्याचा अर्थ तुम्ही पूर्ण पैसे भरले नाहीत असा घेतला जातो. तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे.

मधल्या रांगेतल्या ताईंचा हात वर आहे. एकाच बँकेची दोन कार्डं असतील तर? ताई, पुष्कळदा दोन्हींना मिळून एकच लिमिट असतं. तसं असेल तर एक बंद करूनही तुमचं खर्च करायचं लिमिट तेवढंच राहतं. पण अहवालात ते दोन्ही कार्डांपुढे वेगवेगळं लिहिलेलं असू शकतं, म्हणजे दुप्पट दिसत असेल आणि एक गेलं की निम्मं दिसेल. आधी अहवाल काढा, दोन्ही खात्यांपुढचं लिमिट वाचा, मग बँकेला मेल टाका. चहा आला वाटतं.