चौकटीतला माणूस पुसावा का?
(चित्रपट मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळी, जुन्या चित्रफितीत नको असलेला माणूस आला तर तो पुसून टाकायला आता काही मिनिटं पुरतात. म्हणूनच आज नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क छावणीच्या चित्रणाबद्दल बोलतो. दुसऱ्या महायुद्धात नाझी इथूनच कैद्यांना मालगाड्यांत भरून ऑशविट्झसारख्या मृत्युछावण्यांत धाडत.

१९४४ मध्ये छावणीचा नाझी प्रमुख गेमेकर याच्या हुकमावरून रुडॉल्फ ब्रेसलाउअर या कैद्याने ते चित्रण केलं. त्यात मालगाडीच्या दारातून बाहेर पाहणारी, डोक्याला फडकं बांधलेली एक मुलगी जेमतेम सात सेकंद दिसते. पुढची पन्नास वर्षं ती ज्यू मुलगी म्हणूनच जगभर दाखवली गेली. तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

आड वाखेनार या डच पत्रकाराने तिचा शोध घेतला, तेव्हा तिच्या चेहऱ्यापेक्षा आजूबाजूच्या गोष्टी उपयोगी पडल्या. त्याच चित्रणात गाड्यावरून नेली जाणारी एक आजारी बाई आहे आणि तिच्या बॅगेवर नाव नि जन्मतारीख लिहिलेली आहे. ती नोंद याद्यांशी ताडून पाहिल्यावर गाडी १९ मे १९४४ ची ठरली. त्या गाडीत सिंती आणि रोमा, म्हणजे युरोपात 'जिप्सी' म्हणून हिणवले जाणारे लोकही होते. शेवटी १९९४ मध्ये, त्या प्रवासातून वाचलेल्या एका स्त्रीच्या मदतीने मुलीचं नाव कळलं: सेटेला स्टाइनबाख. ती सिंती होती. ऑशविट्झला मारली गेली तेव्हा दहा वर्षांचीही नव्हती.

आता समजा, कुणी संकलकाने आधीच गाड्यावरच्या त्या आजारी बाईला 'लक्ष विचलित करते' म्हणून पुसलं असतं तर? पुसणं म्हणजे प्रत्येक चौकटीत माणसाची बाह्यरेषा आखायची आणि मागची भिंत शेजारच्या चौकटींतून उचलून आणायची. कॅमेरा हलला नसेल आणि माणूस चालत असेल तर हे जमतं. पण तो जागचा हललाच नसेल, तर त्याच्या मागे काय होतं हे फिल्मवर कुठेच नसतं, मग ते रचावंच लागतं. अशा ठिकाणी फिल्मचे कण गोठल्यासारखे दिसतात, कधी मालकाविना सावली उरते. काम नीट केलेलं असेल तर तेही दिसत नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच.

'पण त्या कैद्यांनी चित्रणाला संमती कुठे दिली होती?' हा आक्षेप खरा आहे. हयात माणसाने किंवा घरच्यांनी विनंती केली, तर मी चेहरा धूसर करेन. धूसर पट्टा निदान सांगतो की इथे काही झाकलंय. पुसलेली चौकट मात्र इथे कुणी नव्हतंच असं भासवते. आंतरराष्ट्रीय चित्रपट संग्रहालय महासंघाची आचारसंहिताही जीर्णोद्धारात काळाचे डाग काढू देते, मूळ साहित्याचं स्वरूप बदलू देत नाही.

आपल्या मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांच्या फिती यंदा डिजिटल होणार आहेत. माझा आग्रह एवढाच: मूळ फाइलला हात लावायचा नाही, झाकायचं ते फक्त दाखवायच्या प्रतीत, आणि काय झाकलं ते श्रेयनामावलीत लिहायचं. मांडवात आडवं येणारं पोर तसंच राहू द्या.