घोट्यावरचा काळा डाग

[दृश्य: पहाट. सीताबर्डीच्या एका गल्लीत पोह्यांचा ठेला. कढईत तर्री उकळते आहे. कॅमेरा हळूहळू खाली, ठेल्यामागच्या पायांवर.]

पहाटेचे साडेपाच. पहिली प्लेट अजून उचललेली नाही, पण भाऊंचे पाय दीड तासापासून एकाच फरशीवर आहेत. दुपारी बारापर्यंत ते तिथेच राहतील. ठेला लावून २२ वर्षं झाली. नाव द्यायचं नाही, असं त्यांनी आधीच सांगितलंय. अख्खी गल्ली त्यांना भाऊ म्हणते, आपणही भाऊच म्हणू.

डाव्या पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर, एक तपकिरी-काळा पट्टा आहे. तिथली कातडी चकाकते आणि चिमटीत धरायला गेलं तर उचलली जात नाही. पोटरीवर गांडुळासारख्या वळलेल्या निळसर नसा आहेत. मध्ये दोन रुपयांच्या नाण्याएवढी जखम झाली होती.

भाऊ सांगतात, "मले वाटलं नायटा हाय. तीन वर्षं मलम लावलं बाप्पा. एका मलमानं तं उलट जास्तच खाजवे."

खाज वाढली, यात नवल नव्हतं. अशा पायाची कातडी मलमातल्या औषधांना फार लवकर बिचकते, निओमायसिनला तर विशेष. पण मुळात हा कातडीचा रोग नव्हताच. रोग तिच्याखाली होता, नसेत.

[दृश्य: रेखाचित्र. पायातली नस, आत दोन पाकळ्यांच्या झडपा.]

हृदयाकडून पायात उतरणाऱ्या रक्तामागे हृदयाचा जोर असतो. परत वर चढणाऱ्या अशुद्ध रक्तामागे तसा जोर उरत नाही. ते काम पोटरी करते. पाऊल टाकलं की पोटरीचा स्नायू आवळतो आणि आतल्या नसा पिळल्या जाऊन रक्त वर सरकतं. स्नायू सैल झाला की ते खाली पडू पाहतं, तेव्हा नसेतल्या झडपा मिटतात.

निश्चल उभ्या माणसाच्या घोट्यातल्या नसेत, आपण बीपी मोजतो त्याच मापात, साधारण ९० दाब असतो. हृदयापासून घोट्यापर्यंत उभ्या असलेल्या रक्ताचं ते वजन. दहाएक पावलं चाललं की निरोगी पायात हाच दाब ३०च्या खाली येतो. चालण्यातली खरी सुटका ही.

भाऊंच्या पायात ती सुटका उरली नव्हती. नस फुगली, पाकळ्या एकमेकींपासून लांब गेल्या, मिटेनाशा झाल्या. पोटरी जेवढं वर ढकलते, त्यातलं बरंचसं रक्त पुन्हा खाली येतं. चाललं तरी दाब उतरायचं नाव घेत नाही.

[दृश्य: तपासणीची खोली. रुग्ण उभा आहे, जांघेवर डॉप्लरचा प्रोब.]

डॉप्लर म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. ती उभं राहूनच करायची असते. आडव्या माणसाची नस रिकामी होते आणि दोष लपतो. डॉक्टर पोटरी दाबून सोडतात. पडद्यावर रक्त वर जाताना एक रंग, उलटं आलं की दुसरा. जांघेतल्या मोठ्या वरवरच्या नसेत उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकला, तर झडप गळते असं धरतात. भाऊंचा तीन सेकंद टिकला. खोलवरच्या नसा मात्र मोकळ्या होत्या, कुठे गुठळी नव्हती.

[दृश्य: संध्याकाळ. अंगठा नडगीवर दाबला जातो, उचलल्यावर खड्डा राहतो.]

दाब उतरला नाही की आधी पाणी झिरपतं. "संध्याकाळी पाय असा फुगते ना, का चप्पलच जात नाही पायात." रात्री झोपून सकाळी सूज कमी. दोन्ही पाय सारखेच सुजत असतील, तर मात्र हृदय, किडनी आणि बीपीची गोळीही तपासून घ्यावी. अ‍ॅम्लोडिपिननं घोटे सुजू शकतात.

पाण्यामागून लाल पेशी झिरपतात. त्या फुटतात, त्यांतलं लोह कातडीत साचतं. घोट्यावरचा तपकिरी रंग तो हाच, गंजच म्हणा. पुढे कातडीखालची चरबी सुजते, मग आवळून कडक होते. वर फुगलेली पोटरी, खाली आवळलेला घोटा, असा उलट्या बाटलीसारखा पाय दिसू लागतो. अशा कातडीला ठेल्याचं चाक घासणंही पुरतं. भाऊंची जखम तशीच झाली.

[दृश्य: टेबलावर क्रेप बँडेज. भाऊ स्वतः पट्टी बांधून दाखवतात.]

आत दाब जास्त आहे, तर बाहेरून दाब द्यायचा. उपाय एवढा सोपा, आणि बहुतेक वेळा तो चुकीचाच होतो.

भाऊ पट्टी बांधायचे, पण दुपारी, सूज चढल्यावर. घोट्याशी दुखतं म्हणून तिथे सैल, पोटरीवर घसरू नये म्हणून करकचून. म्हणजे वरचा रस्ता बंद आणि खाली पाणी साचतंय. पट्टीनं पाय अजून सुजला, तेव्हा त्यांनी पट्टीलाच दोष दिला.

दाब घोट्याशी सर्वांत जास्त हवा, वर जाताना कमी. गंमत अशी की पट्टी सगळीकडे सारख्या ताणानं बांधली, तर पायाचा आकारच हे जमवून देतो. बारीक गोलाईवर तोच ताण जास्त दाबतो. भाऊंचा घोटा २२ सेंटीमीटर, पोटरी ३६. घोट्याशी ४० दाब पडला, तर पोटरीवर तो आपोआप २४च्या आसपास येतो. पण हाच नियम नडगीच्या हाडाच्या धारेवर उलटतो: तिथे कातडी कापली जाऊ शकते, म्हणून आधी कापसाची गादी.

बांधण्याआधी मात्र एक तपासणी झालीच पाहिजे. भाऊ विडी ओढायचे. शुद्ध रक्ताची वाहिनीच अरुंद असेल, तर घट्ट पट्टीनं पाऊल सडू शकतं. दंडाचा वरचा बीपी १४०, घोट्याचा १४७, भागाकार १.०५. ०.८च्या खाली आला असता, तर पूर्ण दाबाची पट्टी बांधली नसती. मधुमेहात वाहिन्या कडक होऊन हा आकडा खोटाच चांगला येतो, तेव्हा पायाच्या बोटांचा दाब बघतात.

[दृश्य: नर्सचे हात. पाऊल काटकोनात.]

पाऊल काटकोनात. सुरुवात बोटांच्या मुळाशी. टाच पूर्ण झाकलेली, कारण उघडी राहिली की सूज तिथेच फुगते. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा, गुडघ्याच्या दोन बोटं खाली थांबायचं. ही पट्टी क्रेपसारखी लवचीक नाही, कमी ताणली जाते. पोटरी फुगली की या ताठ भिंतीवर आपटते आणि दाब वाढतो. झोपलं की उतरतो. म्हणून ती रात्रीही सोसते. पण काम करायला तिला हलती पोटरी लागते. भाऊ आता पोहे परतताना टाचा उचलतात. नुसतं उभं राहून पट्टीचा बराचसा फायदा वाया जातो.

बोटं निळी पडली, किंवा दुखणं सोसेना, तर पट्टी लगेच सोडायची.

आठवड्यातून दोनदा पट्टी बदलत जखम १२ आठवड्यांत भरली. त्या काळातच गळणारी नस लेसरनं आतून बंद केली. जखम भरेपर्यंत थांबायची जुनी पद्धत आहे, पण २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत लवकर नस बंद केलेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, थांबलेल्यांपैकी निम्म्यांच्या ८२ दिवसांत.

[दृश्य: मे महिना. कूलरचा आवाज. बिछान्याच्या कडेला स्टॉकिंग.]

आता पट्टीऐवजी रोज दाब देणारं स्टॉकिंग आहे. पहिली जोडी दुकानदारानं चपलेचा नंबर विचारून, संध्याकाळच्या सुजलेल्या पायावर दिली होती. ती घसरून गुडघ्याखाली गुंडाळली जायची आणि तिथे दोरीसारखी आवळायची. दुसरी सकाळी घोटा आणि पोटरी मोजून आली. सहा महिन्यांनी तिचाही जोर जाईल.

नागपूरचा मे मोठा अवघड. उन्हानं नसा आणखी फुगतात, आणि स्टॉकिंग नको वाटतं तेही तेव्हाच. भाऊंनी गेल्या वर्षी १५ दिवस सोडलं होतं. डाग फिका झाला नाही, होणारही नव्हता, पण सूज परत आली.

यंदा ते पहाटे साडेतीनला, पाय जमिनीला लागायच्या आत ते चढवतात. रबरी हातमोजे घालून, टाचेपर्यंत उलटं करून, मग वर.

"बायको म्हणते, एवढा वेळ तं मले लुगडं नेसाले लागत नाही."

[दृश्य: ठेला. पहिली प्लेट. टाचा वर, खाली, वर.]